दोन रकान्यांची कुळकथा

हैदराबादेत तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला बसणारा विद्यार्थी उस्मानियाचा असो की गच्चीबावलीच्या केंद्रीय विद्यापीठाचा, वेदान्ताच्या पेपरापूर्वी त्याच्या हाती एक तक्ता येतोच. डावीकडे शांकर अद्वैत, उजवीकडे मध्वांचं द्वैत आणि मधे सहा-सात मथळे. नेटच्या ‘जोड्या लावा’ प्रश्नांसाठी तो पाठ होतो, पेपरात उतरतो आणि विसरला जातो. हा तक्ता कोणा प्राध्यापकाने एका बैठकीत आखलेला नाही. त्याचं कुळ जुनं आहे आणि त्याची एक शाखा थेट निजामाच्या राज्यातल्या एका गावाशी येऊन भिडते.

दर्शनं ठरावीक मथळ्यांखाली मांडण्याची रीत आठव्या शतकातल्या हरिभद्राच्या ‘षड्दर्शनसमुच्चया’त दिसते. प्रत्येक दर्शनाची देवता कोण आणि तत्त्वं कोणती, असे त्याचे मथळे. पण त्याच्या सहा दर्शनांत वेदान्ताला वेगळी जागा नाही. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त ती मिळते; मात्र तो तक्ता नसून जिना आहे. पहिली पायरी चार्वाक, मध्वांचं पूर्णप्रज्ञदर्शन पाचवी, शांकर दर्शन अगदी वरची. १८८२ साली कावेल आणि गफ यांचं इंग्रजी भाषांतर निघालं तेव्हा त्यात ही शेवटची पायरी नव्हती. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी स्वतःच्या टीकेसह १९२४ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेतून काढलेल्या आवृत्तीत ती आहे. पण जिन्यात वरच्याने खालच्याला खोडायचं असतं. दोघांना एकाच उंचीवर समोरासमोर बसवण्याचं काम तिथे होत नाही.

ते काम वादातून झालं आणि त्याचा पाया घालणारे जयतीर्थ परंपरेनुसार मंगळवेढ्याचे. अक्षोभ्यतीर्थांकडून संन्यास घेऊन ते माध्व संप्रदायाचे ‘टीकाचार्य’ झाले. कागिणा नदीकाठचं मळखेड त्यांच्या स्मृतीशी जोडलेलं आहे. आज ते कलबुर्गी जिल्ह्यात येतं, पण १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यात होतं. जयतीर्थांनी ‘वादावली’त जगाच्या मिथ्यात्वावर एकेक करून हरकती घेतल्या. सोळाव्या शतकात विजयनगरच्या व्यासतीर्थांनी तीच वाट रुंद करून ‘न्यायामृत’ लिहिलं. अद्वैत्यांनी शतकानुशतकं केलेल्या व्याख्या त्यांनी निवडल्या, ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीवर आक्षेप घेतला. काशीच्या मधुसूदन सरस्वतींनी ‘अद्वैतसिद्धी’त उत्तर दिलं ते त्याच क्रमाने, आक्षेपासमोर उत्तर ठेवत. पुढे माध्वांकडून ‘तरंगिणी’ आली, तिला गौडब्रह्मानंदांची ‘चंद्रिका’ आली. ‘न्यायामृत’ आणि ‘अद्वैतसिद्धी’ शेजारी ठेवली की दोन रकाने आपोआप उभे राहतात. तक्त्याचा जन्म हा.

या जन्माचा एक परिणाम आजच्या तक्त्यात शिल्लक आहे. वाद ज्याने सुरू केला, मथळेही बरेचसे त्यानेच ठरवले. उजळणीसाठी तक्ता आधी पाहू.

| मथळा | अद्वैत (शंकर) | द्वैत (मध्व) |
|---|---|---|
| ब्रह्म | निर्गुण, ईश्वर हे सोपाधिक रूप | सगुण, स्वतंत्र, विष्णू |
| जीव | स्वरूपतः ब्रह्मच | नित्य भिन्न, परतंत्र, अनेक |
| जग | मिथ्या | सत्य |
| जगाचं कारण | ब्रह्म हेच उपादान व निमित्त. विवर्त | ईश्वर केवळ निमित्त. उपादान प्रकृती |
| भेद | पारमार्थिक नाही | पाच प्रकारचे, सत्य |
| भ्रम | अनिर्वचनीयख्याती | अभिनव अन्यथाख्याती |
| मोक्ष | ज्ञानाने; जीवन्मुक्ती मान्य | भक्ती, अपरोक्षज्ञान व ईश्वरप्रसादाने; मुक्तांच्या आनंदात तारतम्य |

सगळ्यात जास्त घसरगुंडी ‘जग’ या ओळीत होते. ‘मिथ्या’ म्हणजे ‘नाही’ असं समजून विद्यार्थी लिहितो की शंकरांच्या मते जग अस्तित्वातच नाही. ‘न्यायामृता’ने मिथ्यात्वाच्या ज्या पाच व्याख्या तपासायला घेतल्या, त्यांतली पहिली पद्मपादांची. तिच्यानुसार जे सत् नाही आणि असत्‌ही नाही, ते मिथ्या. अंधारात दोरीवर साप दिसतो. तो सत् असता तर दिवा आणल्यावर बाधित झाला नसता. सशाच्या शिंगासारखा असत् असता तर दिसलाच नसता. तो दिसतो आणि बाधितही होतो, म्हणून तो तिसऱ्या जातीचा. जगाची गणना याच जातीत होते. फरक इतकाच, की साप दिव्याने जातो आणि जग ब्रह्मज्ञानाने.

द्वैताचं उत्तर ‘साप खरा आहे’ असं नसतं. माध्व म्हणतात, तो साप असत्‌च आहे आणि असत् वस्तूही भ्रमात दिसू शकते. म्हणून तिसरी जात मानण्याचं कारण उरत नाही. पुढे त्यांचा मुद्दा असा, की जगाचा अशा प्रकारे बाध झालेला कोणाच्या अनुभवात नाही, मग ते सत्य. म्हणजे भांडणाची खरी गाठ ‘असत् दिसू शकतं का’ या प्रश्नात आहे. ‘मिथ्या’ आणि ‘सत्य’ हे दोन शब्द समोरासमोर लिहिल्याने ती सुटत नाही. या ओळीत ‘असत्ची प्रतीती: अमान्य / मान्य’ इतकी भर घातली तरी दहा गुणांच्या उत्तराचा कणा तयार होतो, आणि ‘भ्रम’ची ओळ वेगळी पाठ करावी लागत नाही, ती यातूनच निघते.

‘भेद’ हा मथळा माध्वांच्या घरचा. ईश्वर-जीव, ईश्वर-जड, जीव-जीव, जीव-जड आणि जड-जड असे पाच भेद त्यांचे. अद्वैताच्या रकान्यात नुसतं ‘नाही’ लिहिलं तर परीक्षक गुण कापतो, आणि ते योग्यच आहे. कारण व्यवहारात हे सगळे भेद अद्वैतीही मानतो. शिवाय भेदाची त्याची मोजणी निराळी आहे. सजातीय, विजातीय आणि स्वगत या तिन्ही भेदांचा तो ब्रह्मात निषेध करतो. मध्वांचे पाच आणि अद्वैताचे तीन हे एकाच प्रश्नाचे दोन आकडे नव्हेत.

उलट बाजूनेही असंच होतं. काही तक्त्यांत ‘सत्तेचे स्तर’ असा मथळा असतो. तिथे अद्वैताकडे पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक ही त्रयी येते आणि द्वैताकडे ‘एकच’. हा मथळा अद्वैताच्या घरचा. मध्वांनी ‘तत्त्वसंख्याना’त सुरुवातीलाच तत्त्वांची जी विभागणी केली ती स्वतंत्र आणि परतंत्र अशी. विष्णू तेवढा स्वतंत्र, बाकी सारं त्याच्या अधीन, पण खरं. मध्वांना सत्य कमी-जास्त होत नाही, स्वातंत्र्य होतं. ‘द्वैत’ या नावातले दोन मोजायचे ते इथे. नुसते जीव आणि ब्रह्म असे दोन मोजले तर पाच भेदांचा मेळ लागत नाही.

म्हणून उजळणीच्या वेळी तक्त्याला डावीकडे आणखी एक अरुंद रकाना जोडावा आणि त्यात प्रत्येक मथळ्यासमोर ‘प्रश्न कोणाचा’ ते लिहावं. ‘भेद’पुढे मध्व, ‘सत्तेचे स्तर’पुढे शंकर, आणि ‘ब्रह्म’, ‘जीव’, ‘मोक्ष’ यांपुढे दोघेही, कारण ते मथळे उपनिषदांनी आणि ब्रह्मसूत्रांनी दोघांच्याही पुढे ठेवलेले आहेत. जिथे प्रश्न एकाचाच आहे, तिथे दुसऱ्याच्या रकान्यात एक शब्द पुरत नाही. प्रश्न तो कसा नाकारतो किंवा बदलून घेतो, हे एका वाक्यात लिहावं लागतं. मधुसूदनांनी व्यासतीर्थांचा क्रम पाळला, पण आक्षेपात गृहीत धरलेलं सगळं मान्य केलं नाही. तक्ता वापरणाऱ्यालाही तेच करावं लागतं.