कुंपणाचा खांब पावसाळ्यानंतर का वाकतो? खड्ड्याची खोली, ओळंबा आणि काँक्रीटला द्यायचे दिवस

उन्हाळ्यात प्लॉटला किंवा शेताला तारेच्या जाळीचे कुंपण घातले जाते आणि दिवाळीपर्यंत कोपऱ्याचा खांब आत झुकलेला दिसतो. जाळी सैल पडते, खालून जनावरे शिरतात आणि दोष सिमेंटवर जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा काँक्रीट फुटलेले नसते. खड्डा उथळ असतो, भोवतीची माती सैल असते किंवा खांबाला पुरेसे दिवस न देताच त्यावर जाळी ताणलेली असते. कुंपणात सर्वाधिक ओढ कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबावर येते. त्यामुळे कोपऱ्याचा एक खांब नीट कसा रोवायचा, हे समजले की बाकीचे खांब सोपे जातात.

खांबाला धरून ठेवते ती माती

जमिनीवरचा खांब पहारीसारखा वागतो. ताणलेली तार वरच्या टोकाला ओढते, तेव्हा काँक्रीटचा गठ्ठा जमिनीत फिरू पाहतो. त्याचा वरचा भाग एका बाजूच्या मातीला दाबतो आणि तळ विरुद्ध बाजूच्या मातीला. हे फिरणे थोपवते ती भोवतीची घट्ट माती. काँक्रीटचे काम एवढेच, की बारीक खांबाची ओढ रुंद पृष्ठभागावर पसरवून मातीपर्यंत पोहोचवायची.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे रुंदीपेक्षा खोली जास्त कामाची. खड्डा दीडपट रुंद केला तर पकड साधारण दीडपट होते, पण दीडपट खोल केला तर ती दुपटीहून अधिक वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे काँक्रीट न हललेल्या, मूळच्या मातीला भिडले पाहिजे. खड्डा चुकून मोठा झाला आणि मध्ये काँक्रीट, भोवती उकरलेली भुसभुशीत माती असे भरले, तर पहिल्या पावसात ती माती खचते आणि खांबाला हलायला जागा मिळते.

खड्डा किती खोल घ्यावा?

साधा हिशेब असा, की खांब जमिनीवर जेवढा उभा राहणार, त्याच्या किमान एक तृतीयांश तो जमिनीखाली हवा. म्हणजे 6 फूट उंचीला निदान 2 फूट. मधल्या खांबांना एवढे पुरते. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबासाठी अर्धा फूट वाढवावा.

उदाहरणादाखल 2 इंची लोखंडी अँगलचा साडेआठ फुटी खांब घेऊ. 6 फूट वर आणि अडीच फूट खाली. खांबाचे टोक थेट मातीला टेकले तर तिथून गंज चढतो, म्हणून त्याखाली 3 इंच काँक्रीट येईल एवढी जागा ठेवायची. खड्डा झाला 2 फूट 9 इंच खोल आणि 1 फूट बाय 1 फूट रुंद. बाजू सरळ उभ्या खणाव्यात. वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा खणायला सोपा असतो, पण पकडीला वाईट. तळातली सुटी माती पूर्ण काढून तळ पहारीच्या बोथट टोकाने ठोकून घ्यावा.

काळ्या मातीत जास्त काळजी लागते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. काँक्रीट वर पसरट, छत्रीसारखे झाले असेल, तर फुगणारी माती त्याला खालून उचलते. म्हणून तिथे उलट करावे: तोंड नेमके आणि तळ चारही बाजूंनी दोन-तीन इंच जास्त कोरलेला. दोन-तीन फुटांवर मुरूम लागत असेल, तर खड्डा मुरमात उतरवणे सर्वांत चांगले.

एका खड्ड्याला किती माल?

या कामाला 1:2:4 हे प्रमाण चालते. एक घमेले सिमेंट, दोन घमेली वाळू आणि चार घमेली 20 मिलिमीटरची खडी. वरच्या मापाच्या खड्ड्याला साधारण अर्धे पोते, म्हणजे 25 किलो सिमेंट लागते. म्हणजेच 50 किलोच्या एका पोत्यात कोपऱ्याचे दोन खांब होतात.

पाणी अर्ध्या पोत्याला 12 ते 14 लिटर. वाळू ओली असेल तर आणखी कमी. माल पातळ केला की खड्ड्यात पटकन उतरतो, म्हणून पाणी वाढवण्याचा मोह होतो. पण जादा पाणी नंतर उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. काँक्रीट कमजोर होते आणि लोखंडापर्यंत ओल पोहोचते. फावड्यावर घेतलेला माल ढीग धरून राहिला पाहिजे, वाहून जाता कामा नये.

रील्समध्ये अनेकदा खड्ड्यात कोरडी पावडर ओतून वरून पाणी घालताना दिसते. त्या बहुधा परदेशात मिळणाऱ्या, लवकर घट्ट होणाऱ्या तयार मिश्रणाच्या पिशव्या असतात. आपल्याकडचे सिमेंट, वाळू आणि खडी कोरडी टाकून वरून पाणी ओतले, तर पाणी सगळीकडे सारखे पोहोचत नाही आणि खाली कोरडे थर राहतात. माल बाहेर कालवूनच टाकावा. हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, कारण ओल्या सिमेंटने कातडी भाजते.

खांब उभा करणे आणि ओळंबा

खड्ड्याच्या बाजूंवर आधी पाणी शिंपडावे. कोरडी माती काँक्रीटमधले पाणी ओढून घेते. मात्र तळात पाणी साचू देऊ नये. तळात 3 इंच जाडीचा दगड किंवा काँक्रीटचा तुकडा ठेवून त्यावर खांब उभा करावा. खांबाच्या खालच्या टोकाजवळ सळईचा वीतभर तुकडा आडवा वेल्ड केलेला असेल, तर खांब काँक्रीटमध्ये फिरत नाही आणि उपसून येत नाही.

सरळपणा एकाच बाजूने पाहणे ही नेहमीची चूक. समोरून सरळ दिसणारा खांब बाजूने झुकलेला असू शकतो. म्हणून एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन बाजू तपासायच्या. अँगलचे बाहेरचे दोन पृष्ठभाग मुळातच काटकोनात असतात, त्यामुळे तेच धरावेत. ओळंब्याचा लाकडी ठोकळा खांबाच्या वरच्या भागाला टेकवायचा आणि गोळा खाली सोडायचा. गोळा खांबाला जेमतेम स्पर्श करत असेल, तर ती बाजू सरळ. गोळा दूर राहिला तर खांब वरून त्या बाजूला झुकला आहे. गोळा खांबावर रेलला, तर झुकाव उलट दिशेला आहे. वाऱ्याने गोळा हलत असेल, तर खाली पाण्याची बादली ठेवून गोळा त्यात बुडवला की दोरी लवकर स्थिर होते. अशा वेळी ठोकळ्यापाशी आणि खाली, दोन्हीकडे खांब ते दोरी हे अंतर मोजून जुळवावे.

थोड्या झुकावाने काय होते, असे वाटू शकते. 6 फूट उंचीवर फक्त 1 अंशाचा झुकाव म्हणजे वरच्या टोकाला सुमारे सव्वा इंच. पुढे तारेचा ताण याच झुकावात भर घालतो.

खांब सरळ झाला की दोन बाजूंनी तिरपे टेकू लावून ते जमिनीतल्या खुंट्यांना बांधावेत. नुसते हाताने धरून काम भागत नाही. मग काँक्रीट अर्धा-अर्धा फूट टाकून प्रत्येक थर सळईने खुपसून दाबावा, म्हणजे आतली हवा निघते. ओळंबा तीनदा लावावा: माल टाकण्याआधी, खड्डा अर्धा भरल्यावर आणि पूर्ण भरल्यावर.

सुधारणा करायची ती पाणी मिसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. त्यानंतर सिमेंट धरू लागते. दोन तासांनी खांब हलवून सरळ केला, तर तो दिसतो सरळ, पण त्याच्याभोवती बारीक फट राहते आणि ती नंतर भरून येत नाही. वरचे तोंड जमिनीपेक्षा दोन इंच उंच आणि चारही बाजूंना उतरते करावे, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचत नाही. लोखंड सर्वांत आधी गंजते ते तिथेच.

काँक्रीट सुकत नाही, पाणी पिऊन घट्ट होते

सिमेंट घट्ट होते ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. लवकर सुकले तर ती क्रिया अर्धवट थांबते. म्हणूनच काँक्रीटवर पाणी मारत राहावे लागते. आयएस 456 या भारतीय मानकानुसार साध्या ओपीसी सिमेंटचे काँक्रीट किमान 7 दिवस ओले ठेवावे लागते, तर पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटचे किमान 10 दिवस. कोरड्या, कडक उन्हात ओपीसीला 10 आणि मिश्र सिमेंटला 14 दिवस द्यावेत. कोणते सिमेंट आहे ते पोत्यावर छापलेले असते.

खांबाच्या बाबतीत बाजू मातीत झाकलेल्या असतात, त्यामुळे सांभाळायचे ते वरचे तोंड. दुसऱ्या दिवसापासून त्यावर ओले गोणपाट ठेवून ते सकाळ-संध्याकाळ भिजवावे.

काँक्रीटची ताकद 28 दिवसांवर मोजतात. ओपीसीमध्ये 7 दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पीपीसीला जरा जास्त वेळ लागतो. म्हणून टेकू निदान तीन दिवस काढू नयेत, जाळी 7 दिवसांच्या आत ताणू नये आणि पीपीसी असेल तर 10 ते 14 दिवस थांबावे. फाटक आणखी उशिरा टांगावे, कारण त्याचे वजन रोज उघडताना आणि लावताना खांबाला हिसके देते. कोपऱ्याच्या खांबाला दोन दिशांनी ओढ असते. त्यामुळे जाळी ताणण्याआधी दोन्ही कुंपणांच्या रेषेत आतून एकेक कायमचा तिरपा अँगल देऊन त्याचे पायही काँक्रीटमध्ये बसवावेत. जाळी ताणायची तीही हे पाय घट्ट झाल्यावरच.

खांब वाकलाच, तर दोष कुठे आहे?

खांब हाताने हलवून बुडाशी पाहावे. काँक्रीटचा गठ्ठा खांबासोबत हलत असेल आणि त्याच्या एका बाजूला मातीत फट दिसत असेल, तर खड्डा उथळ होता किंवा माती सैल होती. अशा वेळी जाळी सोडवून खांब ओळंब्यात आणावा, फटीत मुरूम आणि दगडाचे तुकडे थराथराने ठोकून बसवावेत आणि तिरपा आधार द्यावा. गठ्ठा स्थिर असून खांब मात्र त्यात खुळखुळत असेल, तर खांब काँक्रीट धरताना हलवला गेला होता किंवा माल कच्चा होता. तिथे वरून सिमेंटचा घोळ ओतून उपयोग होत नाही. गठ्ठा फोडून खांब नव्याने रोवावा लागतो. दोन्ही स्थिर असून खांबच मधून वाकला असेल, तर अँगल ताणाच्या मानाने बारीक होता आणि खड्डा कितीही खोल घेतला असता तरी तो वाकलाच असता.