रटाळ प्रवासाचा इतिहास: डेझर्ट बस ते युरो ट्रक

वाहन चालवण्याच्या गेम्सचा इतिहास सांगताना शर्यतींवरच सगळा वेळ जातो. आज आपण हळू चालणाऱ्यांकडे वळू. एकच एक काम सावकाश करत राहिलं की ज्यांचं मन शांत होतं, त्यांच्यासाठी यातलं काय कामाचं, हेही पाहू.

सुरुवात एका थट्टेपासून करावी लागते. 1995 च्या सुमाराला पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगार जोडीसाठी एक गेमसंग्रह तयार झाला. तो बाजारात आलाच नाही, पण त्यातली ‘डेझर्ट बस’ गाजली. टूसॉन ते लास व्हेगास, वाळवंटातला सरळ रस्ता, वेग जास्तीत जास्त ताशी 45 मैल, आणि प्रवास खऱ्या घड्याळाने आठ तासांचा. मधे थांबवायची सोय नाही. पोचलात की गुण मिळणार एक! हिंसक गेम्सवरून तेव्हा गदारोळ चालू होता, त्याला दिलेलं हे तिरकस उत्तर.

आता गंमत बघा. बस सतत जराशी उजवीकडे ओढते, म्हणून स्टिअरिंग सोडता येत नाही. रस्त्याबाहेर गेलात तर गाडी बंद पडते आणि तिला ओढून परत टूसॉनला नेतात, तेही तितकाच वेळ घेऊन. म्हणजे काम तेच ते, पण चूक भरून काढायला जागा नाही. हे शांतवणारं नाही, ही शिक्षा आहे.

जपानच्या ताइतो कंपनीची 1996 ची ‘देन्शा दे गो!’ ही ट्रेन चालवण्याची गेम. तिच्यात चूक भरून काढता येते, पण घड्याळ मानेवर बसतं. गाडी वेळेवर आणि फलाटावर नेमक्या जागी थांबवायची; पुढे गेली, उशीर झाला, तर दंड. कौशल्य म्हणून छानच, पण दिवसभर थकून आलेल्याने हिच्यापासून सुरुवात करू नये, असं आमचं मत.

खरा फरक 2012 साली प्राग शहरातल्या एससीएस सॉफ्टवेअरच्या ‘युरो ट्रक सिम्युलेटर 2’ मध्ये दिसतो. इथला नकाशा साधारण एकास एकोणीस या प्रमाणात आखडलेला आहे, आणि शहराबाहेर घड्याळही तितकंच पळतं. 600 किलोमीटरचा माल घेतला आणि ताशी 80 ने गेलात, तर गेममधले साडेसात तास होतात, खुर्चीतली मात्र चोवीस-पंचवीस मिनिटं. शहरात घड्याळ मंदावतं, म्हणून थोडी वाढतात. जेवणानंतर एक खेप सहज होते. ट्रेलर जोडा, इंडिकेटर द्या, हायवे धरा, पोचवा: काम तेच ते, पण त्याला शेवट आहे. रिव्हर्समध्ये ट्रेलर लावणं जमत नसेल तर तेवढं सोडून देता येतं. ‘अहो, मग मजा काय?’ असं कोणी विचारेल. ज्याला मजा हवी त्याने अवघड जागा निवडावी, तीही सोय आहेच.

एवढं करूनही जीव घाबरा होत असेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन वाहतुकीचे दंड आणि चालकाचा थकवा बंद करा. थकवा चालू असला की अर्ध्या वाटेत झोपायची जागा शोधत फिरावं लागतं, आणि शांत बसलेला माणूस तिथेच हमखास वैतागतो.