इंटर्नशिपच्या काळात घरून कामाची परवानगी : अर्ज कसा करावा?

अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात अनेक विद्यार्थी पुण्या-मुंबईतील कंपन्यांमध्ये चार ते सहा महिन्यांची इंटर्नशिप करतात. या काळात घरात आजारपण उद्भवले, आईवडिलांपैकी कोणाची शस्त्रक्रिया ठरली, की आठवडाभर गावी राहून काम करता येईल का, हा प्रश्न उभा राहतो. असा अर्ज कधी सहज मंजूर होतो, तर कधी मंजूर होऊनही शेवटी दोन्ही बाजूंना मनस्ताप देतो. यामागचे मुख्य कारण असे, की अर्जदार रजा आणि घरून काम या दोन भिन्न गोष्टींची गल्लत करतो.

हक्क किती, सवलत किती?

इंटर्न हा बहुतेक ठिकाणी कंपनीचा कर्मचारी नसतो. त्यामुळे कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या रजा त्याला आपोआप लागू होत नाहीत. नियुक्तिपत्रात जे लिहिले असेल तेच प्रमाण. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार झालेल्या उमेदवारांची गोष्ट निराळी. त्यांच्या कामाचे तास व रजा यांविषयी त्या कायद्यात तरतूद आहे. इतरांनी अर्ज करण्यापूर्वी नियुक्तिपत्रातील तीन गोष्टी पाहून घ्याव्यात : रजेचे दिवस, रजेच्या काळात विद्यावेतन कापले जाते का, आणि कामाचे ठिकाण म्हणून काय नमूद केले आहे. घरून कामाचा उल्लेख नसेल तर ती सवलत आहे, असे समजूनच अर्जाची भाषा ठेवावी.

आठवड्याची फोड

समजा, हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या विद्यार्थिनीच्या आईची गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया मिरजेच्या रुग्णालयात ठरली आहे. सोमवारी दुपारी दाखल व्हायचे, मंगळवारी शस्त्रक्रिया आणि सारे सुरळीत झाल्यास शुक्रवारी घरी. वडील हयात नाहीत. भाऊ परगावी नोकरीला असून तो शनिवारी पोहोचणार आहे. म्हणजे तिची गरज नेमकी पाच दिवसांची आहे.

‘पाचही दिवस घरून पूर्णवेळ काम करीन,’ असे तिने लिहिले तर ते पाळता येणार नाही. शस्त्रक्रियेचा दिवस हा कामाचा दिवस नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची फेरी होते. रुग्णाला वॉकरच्या आधाराने उभे करून चालवण्यासाठी फिजिओथेरपिस्ट येतात. त्या वेळी घरचे माणूस जवळ असावे लागते. घरी सोडण्याचा दिवसही मोकळा नसतो. आरोग्यविमा असेल तर रुग्णालयाकडून विनंती आल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यावी, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये बंधनकारक केले. परंतु त्याआधी रुग्णालयाचे बिल तयार व्हावे लागते, औषधे परत करावी लागतात, कागदपत्रे घ्यावी लागतात. त्यात अर्धा दिवस सहज जातो.

म्हणून तिने आठवडा असा मांडावा : मंगळवारी पूर्ण रजा, बुधवारी व शुक्रवारी अर्धी रजा, उरलेला वेळ, म्हणजे सोमवार व गुरुवार पूर्ण आणि दोन अर्धे दिवस, दूरस्थ काम. एकूण दोन दिवस रजा आणि तीन दिवस काम. सोमवारी दाखल होण्यात दुपारचे दोन तास जाणार असतील, तर ते सायंकाळी भरून देण्याचेही लिहावे. वरिष्ठाच्या दृष्टीने अशा अर्जाचे मूल्य निराळे असते. कारण कोणत्या दिवशी किती काम अपेक्षावे, हे त्याला आधीच कळते.

परवानगीपूर्वी तांत्रिक खातरजमा

वरिष्ठाने होकार दिला तरी माहिती-तंत्रज्ञान विभागाचा होकार वेगळा लागतो. लॅपटॉप कार्यालयाबाहेर नेण्याची परवानगी, बाहेरून कंपनीच्या जाळ्यात शिरण्यासाठी व्हीपीएनची सोय, आणि ज्या प्रकल्पावर काम चालू आहे त्याच्या ग्राहकाची अट, या तीन गोष्टी विचाराव्यात. काही ग्राहकांच्या करारानुसार त्यांची माहिती ठरावीक जागेबाहेर उघडताच येत नाही. असे असेल तर मूळ काम मागण्याऐवजी त्या आठवड्यापुरते चाचणीचे तपशील लिहिणे, दस्तऐवज तयार करणे, अहवालाचा मसुदा करणे अशी कामे सुचवावीत. तेही शक्य नसेल तर सरळ रजा घ्यावी. प्रयोगशाळेतील, कारखान्यातील किंवा रुग्णसेवेतील इंटर्नशिपमध्ये तर बहुधा हाच एक मार्ग उरतो.

व्हीपीएन चालते की नाही, हे गावी निघण्यापूर्वी एका सायंकाळी आपल्या खोलीवरून पाहून घ्यावे. रुग्णालयातील सार्वजनिक वाय-फायवर कंपनीचे काम उघडू नये. स्वतःच्या मोबाइलचे इंटरनेट वापरावे, आणि वॉर्डात त्याची रेंज मिळते का हे पहिल्याच दिवशी तपासावे.

अर्जाचा मजकूर

शस्त्रक्रियेची तारीख ठरताच, शक्यतो आठ-दहा दिवस आधी, प्रथम मार्गदर्शक वरिष्ठाशी प्रत्यक्ष बोलावे आणि त्याच दिवशी ई-मेल पाठवावा. त्याची प्रत मनुष्यबळ विभागाला द्यावी. आशय असा असावा :

‘माझ्या आईची पूर्वनियोजित शस्त्रक्रिया येत्या मंगळवारी मिरज येथे आहे. शनिवारपर्यंत तिच्याजवळ राहू शकणारी मी एकटीच आहे. मंगळवारी पूर्ण दिवस, तसेच बुधवारी व शुक्रवारी अर्धा दिवस रजा मिळावी आणि उरलेल्या वेळेत मिरजेहून काम करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. बुधवारी व शुक्रवारी मी दुपारी २ ते ६ उपलब्ध असेन. सोमवारी दुपारी १२ ते २ रुग्णालयात दाखल होण्याची प्रक्रिया असल्याने ते काम सायंकाळी पूर्ण करीन. लॉगिन पानाच्या चाचण्या गुरुवारपर्यंत देईन. शुक्रवारचे सादरीकरण पुढील सोमवारी ठेवता येईल का? त्या दिवशी मी कार्यालयात हजर असेन.’

आजाराचा याहून अधिक तपशील देण्याची गरज नाही. पुरावा मागितल्यास रुग्णालयात दाखल होण्याचे पत्र पुरेसे असते; तपासण्यांचे अहवाल जोडू नयेत. लेखी होकार आल्याशिवाय परवानगी मिळाली असे मानू नये.

महाविद्यालयाची नोंद

इंटर्नशिपला श्रेयांक असतील तर महाविद्यालयातील मार्गदर्शक प्राध्यापकांना आणि प्रशिक्षण व नियुक्ती अधिकाऱ्यांना मंजुरीची प्रत पाठवावी. ठरावीक आठवड्यांची अट असल्यास रजेचे दोन दिवस भरून द्यावे लागतील का, हे तेव्हाच विचारावे. हजेरीपत्रकात दूरस्थ कामाचे दिवस गैरहजेरी म्हणून नोंदले गेले, तर प्रमाणपत्राच्या वेळी अडचण येते. महिनाअखेरीस हजेरी पाहिली की ही चूक लगेच दिसते व दुरुस्तही होते.

बेत बदलला तर

अचानक हृदयविकाराचा झटका किंवा अपघात अशा प्रसंगी आधी अर्ज करायला वेळच नसतो. तेव्हा वरिष्ठाला दूरध्वनी करून त्या दिवसाची रजा सांगावी आणि डॉक्टरांकडून पुढचा अंदाज कळल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरीलप्रमाणे फोड करून अर्ज पाठवावा. पूर्वनियोजित शस्त्रक्रियेतही ताप आला, जखम भरण्यास वेळ लागला तर मुक्काम लांबतो. गुरुवारच्या फेरीत डॉक्टरांना शुक्रवारचे नक्की आहे का, हे विचारावे आणि नसेल तर त्याच दुपारी वरिष्ठाला कळवावे. दरम्यान ठरलेल्या वेळी काम झाले नाही, तर तेवढे तास मागाहून रजेत धरावेत, असे स्वतःच लिहून कळवावे. हजेरीचा हिशेब त्यामुळे सरळ राहतो आणि पुन्हा गरज पडल्यास दुसऱ्यांदा विचारणे अवघड जात नाही.