टाकी किती मोठी? : जलशुद्धीकरणात नव्याने येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. तिला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली आणि एका फेरीत साधारण २५ लाख लिटर पाणी मिळू लागले. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि शहराची सगळी नजर त्या गाडीकडे लागलेली होती. पण गाडीतले पाणी थेट नळात सोडता येत नाही. ते शुद्ध करावे लागते, त्यात क्लोरीन मिसळावा लागतो आणि क्लोरीनला जंतू मारण्यासाठी वेळ द्यावा लागतो. आपल्या शास्त्राची सुरुवात या वेळापासून होते.

अशी एक गाडी दिवसभरात संथपणे शुद्ध करायची म्हटली, तर २५ लाख लिटर म्हणजे २,५०० घनमीटर पाणी २४ तासांत जाईल. तासाला साधारण १०४ घनमीटर. क्लोरीनचा आणि पाण्याचा संपर्क अर्धा तास राहावा, असा रूढ दंडक आहे. तेव्हा टाकी १०४ च्या निम्मी, म्हणजे ५२ घनमीटरची हवी. एवढेच गणित.

V = Q × t

यात V हे टाकीचे आकारमान, Q हा प्रवाह आणि t हा धारणकाळ. पाणी टाकीत सरासरी जेवढा वेळ राहते, तो हा काळ. कार्यालयात आणि प्लान्टवर त्याला एचआरटी म्हणतात. जुने अभियंते डिटेन्शन टाइम म्हणतात. या विषयात पाऊल ठेवणाऱ्याने सूत्राच्या सोपेपणावर जाऊ नये. यातले V आपण एकदाच ठरवतो आणि ते काँक्रीटमध्ये कायमचे होते. Q मात्र तासातासाला, ऋतूप्रमाणे आणि मराठवाड्यात तर वर्षावर्षाला बदलतो. म्हणून t ही आपण ठरवून दिलेली संख्या राहत नाही, ती रोज नव्याने घडते. टाकीचे आकारमान काढताना हे विसरले की पुढे सगळे बिघडते.

तो अर्धा तास आला कुठून? प्रत्येक प्रक्रियेला स्वतःचा वेळ लागतो. तुरटी पाण्यात झपकन मिसळण्याला एक मिनिटही पुरे. त्यानंतर गढुळाचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके व्हायला सावकाश ढवळत अर्ध्या तासाच्या आसपास द्यावे लागतात. ते पुंजके तळाशी बसायला दोन-अडीच तास. सांडपाण्यातली घाण जिवाणूंकडून खाऊन घ्यायची, तर हवा देण्याच्या टाकीत पद्धतीप्रमाणे चार-सहा तासांपासून दिवसभरापर्यंत. घरामागच्या सेप्टिक टँकला एक-दोन दिवस. हे आकडे प्रयोगशाळेत आणि चालू प्लान्टवर पाहून ठरलेले आहेत. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओच्या नियमावलीत ते मिळतात. ते पाठ करण्यापेक्षा त्या वेळात टाकीत काय घडते, हे समजून घ्यावे.

आता आपल्या ५२ घनमीटरच्या टाकीकडे पुन्हा पाहू. सगळे पाणी तीत बरोबर ३० मिनिटे राहील, असे मानणे चूक आहे. ३० मिनिटे ही सरासरी. टाकी साधी चौकोनी असेल, पाणी एका बाजूने आत येऊन समोरून बाहेर पडत असेल, तर मधला प्रवाह सरळ धावतो आणि कोपऱ्यांतले पाणी तिथेच घुटमळते. धावणाऱ्या पाण्यातला जंतू दहा मिनिटांच्या आत बाहेर पडतो आणि नळापर्यंत जातो. सरासरी कितीही चांगली असली, तरी आजारी पडणारा माणूस त्या दहा मिनिटांच्या पाण्याने पडतो.

हे ओळखायची युक्ती स्वस्त आहे. दहा किलो मीठ एका मोठ्या पिंपात पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि टाकीच्या तोंडाशी एकदम ओतावे. द्रावण फार घट्ट नसावे. जड पाणी तळाशी जाऊन सरपटते आणि मोजमाप फसते. बाहेरच्या तोंडाशी विद्युतवाहकता मोजणारे यंत्र धरून दर मिनिटाला आकडा लिहीत राहावे. दहा किलो मीठ ५२ घनमीटरमध्ये सारखे मिसळले तर लिटरमागे साधारण १९० मिलिग्रॅम होते, म्हणजे साधे हातातले यंत्रही फरक दाखवते. आकड्यांचा आलेख काढला की एकूण मिठाचा पहिला दहावा हिस्सा किती मिनिटांनी बाहेर आला, ते दिसते. निर्जंतुकीकरणासाठी खरा धरायचा वेळ तो. आडोसे जवळजवळ नसलेल्या टाकीत तो सरासरीच्या तीन दशांशच भरू शकतो, म्हणजे ९ मिनिटे. पाण्याला नागमोडी फिरायला लावणाऱ्या भिंती घातल्या, तर तोच सात दशांशांपर्यंत, म्हणजे २१ मिनिटांवर जातो. टाकी तेवढीच, सिमेंट थोडेसे जास्त आणि उपयोग दुपटीहून अधिक. अर्धा तास खरोखर हवा असेल, तर आकारमान काढतानाच हा गुणक धरावा लागतो.

हाच हिशेब सांडपाण्यावर करून पाहू, कारण मराठवाड्याच्या पाण्याचा अवघड भाग तिथे आहे. नांदेडला विष्णुपुरीच्या जलाशयातून पाणी येते आणि वापरून झाले की उतारावरून परत गोदावरीकडे जाते. नाल्यांचे पाणी नदीत पडण्याआधी अडवून शुद्ध करायचे आहे. समजा, सिडको-हडकोच्या बाजूला ५० हजार वस्तीसाठी एक प्लान्ट आखायचा आहे. हा हिशेब नमुन्याचा, तिथल्या कोणत्याही चालू प्लान्टचा नव्हे.

माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी म्हणून गटारात, असे धरले की दिवसाला ५४ लाख लिटर, म्हणजे ५.४ एमएलडी होते. ताशी २२५ घनमीटर. पहिल्या गाळ-टाकीत, म्हणजे प्रायमरी क्लॅरिफायरमध्ये, दोन तास द्यायचे ठरवले, तर आकारमान ४५० घनमीटर. पाण्याची खोली ३ मीटर घेतली की क्षेत्रफळ १५० चौरस मीटर. गोल टाकीचा व्यास १३.८ मीटर निघतो, तो १४ करावा. मग आकारमान ४६२ घनमीटर होते.

इथे एक पडताळा लागतो. अॅलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने १९०४ मध्ये दाखवून दिले की सुटे कण तळाशी बसण्याचा संबंध टाकीच्या खोलीपेक्षा तिच्या पृष्ठभागाशी असतो. टाकी दुप्पट खोल केली तर धारणकाळ दुप्पट होतो, पण कणाला खाली यायचे अंतरही दुप्पट होते, लाभ शून्य. एकमेकांना चिकटत मोठे होणाऱ्या पुंजक्यांना जादा वेळाचा फायदा मिळतो, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. म्हणून रोजचा प्रवाह भागिले क्षेत्रफळ हा आकडाही पाहायचा. ५,४०० ला १५४ ने भागले की चौरस मीटरमागे रोज ३५ घनमीटर येतात. पुढे जैविक प्रक्रिया होणार असेल तर रूढ मर्यादा ३५ ते ५० आहे, म्हणजे टाकी बसते.

पण सांडपाणी एकसारखे येत नाही. सकाळी सात ते नऊ सगळ्या घरांत आंघोळी, कपडे, भांडी एकदम. एवढ्या वस्तीला सरासरीच्या अडीचपट प्रवाह धरतात. तो झाला ताशी ५६२ घनमीटर, आणि दोन तासांचे झाले ४९ मिनिटे. पृष्ठभागाचा आकडा ८८ वर जातो. गर्दीच्या वेळेसाठी ८० ते १२० चालतात, तेव्हा टाकी सकाळही निभावते. नवशिक्याचा हिशेब बहुधा इथे थांबतो, कारण पुस्तकातले उदाहरण इथे संपते.

मराठवाड्यात मात्र अजून एक पायरी उरते. दुष्काळात माणशी १३५ लिटर मिळत नाहीत. टँकर आणि बोअरवर दिवस काढताना ४० लिटर मिळाले असे धरू. मग सांडपाणी दिवसाला १६ लाख लिटर, ताशी ६७ घनमीटर. त्याच टाकीत आता पाणी सात तास राहते, आणि रात्री त्याहून कितीतरी जास्त. पाहणाऱ्याला वाटेल, जास्त वेळ मिळाला तर गाळ अधिकच छान बसेल. घडते उलटे. पाणी कमी वापरल्याने घाण आधीच दाट झालेली असते, त्यात उन्हाळा. टाकीतला प्राणवायू संपतो आणि तळाचा गाळ कुजू लागतो. आधी पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात. मग तळाच्या गाळाचे काळे ढेकूळ वायूच्या जोराने वर येऊन तरंगते, वाऱ्यावर कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि बाहेर पडणारे पाणी आत येणाऱ्यापेक्षा काळपट होते. ऑपरेटर बिचारा गाळ काढणारे यंत्र तपासत बसतो. यंत्रात दोष नसतो. टाकी त्या दिवसाच्या पाण्यासाठी फार मोठी झालेली असते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. या भागात एक १४ मीटरची टाकी बांधू नये. १० मीटर व्यासाच्या दोन बांधाव्यात. प्रत्येकीचे आकारमान २३५.५ घनमीटर, दोन्ही मिळून ४७१. नेहमीच्या दिवशी दोन्ही चालवल्या की २ तास ६ मिनिटे, सकाळच्या गर्दीत ५० मिनिटे. दुष्काळात एक बंद केली की सात तासांचे साडेतीन होतात. साडेतीन तासही आदर्श नाहीत, पण गाळ दिवसातून अधिक वेळा काढला तर निभते. खर्च थोडा वाढतो: दोन टाक्यांना परिघाची भिंत जास्त लागते आणि फिरत्या खरवडणीची यंत्रेही दोन. पण दुरुस्तीच्या वेळी निम्मा प्लान्ट चालू ठेवता येतो, हा लाभ ओल्या वर्षातही मिळतो.

हवा देण्याच्या टाकीचाही धारणकाळ असाच वाढतो, पण तिथे मार्ग वेगळा आहे. तिथले जिवाणू पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. पुढच्या टाकीत बसलेला गाळ पंपाने परत आणून त्यांना तिथे राखले जाते. पाणी सहा तास राहते, तर जिवाणू कित्येक दिवस. त्यामुळे पाणी कमी झाले की हवा कमी करता येते आणि गाळ किती काढायचा हे बदलून जिवाणूंचा मुक्काम सांभाळता येतो. पहिल्या गाळ-टाकीत हा आधार नसतो, म्हणून तिथे आकारमानच विभागून ठेवावे लागते.

बंद ठेवलेल्या टाकीबद्दल एक सूचना नकाशावरच लिहून ठेवावी. नदीकाठच्या जमिनीत पावसाळ्यात भूजल वर येते आणि रिकामी काँक्रीटची टाकी खालून उचलली जाऊन तिच्या तळाला तडे जाऊ शकतात. म्हणून गाळ उपसून झाला की ती स्वच्छ पाण्याने भरून ठेवावी, किंवा तळाचे वजन रिकाम्या अवस्थेत भूजलाच्या जोराला पुरेल असे आधीच धरावे. आणि चालू टाकीत महिन्यातून एकदा खुणा केलेली काठी तळापर्यंत सोडून गाळाचा थर मोजावा: ३ मीटर खोलीत १ मीटर गाळ साचला असेल, तर हिशेबातले २३५.५ घनमीटर प्रत्यक्षात १५७ उरलेले असतात आणि वहीतला धारणकाळ तेवढ्याच प्रमाणात खोडून लिहावा लागतो.