सौद्याचे अपेक्षामूल्य

शेअर बाजारात एखाद्या पद्धतीने दहापैकी सात सौदे नफ्यात गेले, तरी ती पद्धत लाभदायक असतेच असे नाही. सरासरी नफा १,००० रुपये आणि सरासरी तोटा २,८०० रुपये असल्यास दर सौद्यामागे १४० रुपये गमवावे लागतात. हा हिशेब अपेक्षामूल्यातून कळतो. नफ्यातील सौद्यांच्या प्रमाणास सरासरी नफ्याने गुणावे आणि त्यातून तोट्यातील सौद्यांचे प्रमाण व सरासरी तोटा यांचा गुणाकार वजा करावा. नोंदवहीतील रकमा दलाली आणि रोखे व्यवहार कर वजा जाता लिहिलेल्या हव्यात, अन्यथा उत्तर फसवे येते.

समजा, नोंदवहीत ५० सौदे आहेत. त्यांपैकी २० सौद्यांत सरासरी ३,००० रुपये नफा आणि ३० सौद्यांत सरासरी १,५०० रुपये तोटा झाला.

०.४ × ३,००० − ०.६ × १,५०० = ३०० रुपये

एकूण नफा १५,००० रुपये. आकडा समाधानकारक खराच. परंतु एकाच सौद्यात १८,००० रुपये मिळाले असतील, तर तो वगळताच उरलेल्या ४९ सौद्यांत ३,००० रुपयांचा तोटा दिसतो. एवढ्यावरून पद्धत टाकाऊ ठरत नाही. बाजाराच्या कलामागे जाणाऱ्या पद्धती अशा मोजक्या मोठ्या नफ्यांवरच तगतात. मात्र तसा नफा पुन्हा होतो की नाही, हे ५० सौद्यांतून सांगता येत नाही. त्यासाठी नियम न बदलता पुढील सौद्यांची नोंद ठेवून अपेक्षामूल्य नव्याने काढावे लागते.