प्रकाशीय शुभ्रक
प्रकाशीय शुभ्रक : जंबुपार किरण शोषून निळा प्रकाश देणारे, धुण्याच्या पावडरीतील जवळजवळ रंगहीन द्रव्य (पहा : अनुस्फुरण). १९२९ मध्ये पाउल क्राइस यांनी हॉर्स चेस्टनटमधील एस्क्युलिनने हा परिणाम दाखवला. आज सुतासाठी स्टिल्बीनची संयुगे वापरतात. शुभ्रक मळ काढत नाही, सुताला चिकटून पिवळेपणा झाकते. नीळ पिवळा प्रकाश शोषते, त्यामुळे कापड किंचित मंद दिसते. शुभ्रक उलट प्रकाशात भर घालते (पहा : नीळ). म्हणूनच फिकट बदामी सुती सदरा धुण्यागणिक निळसर, थंड छटेचा दिसू लागतो. हा केवळ रंग उतरल्याचा परिणाम, असा आक्षेप घेतला जातो. रंग उतरतोही; पण जंबुपार दिव्याखाली असा सदरा निळा चमकतो, आणि ती चमक रंग उतरल्याने येत नाही. उन्हात शुभ्रकाचे विघटन होते आणि पांढऱ्या कापडाचा झाकलेला पिवळेपणा पुन्हा उघडा पडतो.