लिफ्ट कंपनी बदलताना घ्यावयाची खबरदारी

लिफ्टच्या देखभालीचा करार संपवून नव्या कंपनीकडे काम सोपविताना खरी अडचण उद्भवते ती बदलानंतर. लिफ्ट बंद पडली की जुनी कंपनी नव्याकडे आणि नवी जुन्याकडे बोट दाखविते. त्यामुळे लिफ्टची तपासणी जुना करार चालू असतानाच होणे आवश्यक असते.

उदाहरणार्थ, सात मजली इमारतीतील सोसायटीचा करार ३१ मार्चला संपत असून त्यात ६० दिवसांच्या पूर्वसूचनेची अट आहे, असे समजू. अशा वेळी व्यवस्थापक समितीने ठराव करून जानेवारीच्या मध्यासच लेखी सूचना द्यावी व तिची पोच घ्यावी. मार्चच्या आरंभी दोन्ही कंपन्यांच्या तंत्रज्ञांकडून समितीच्या उपस्थितीत संयुक्त तपासणी करवून घ्यावी. पोलादी दोरांच्या तारा तुटल्या आहेत काय, ब्रेक नीट धरतो काय, हे पाहावे. रिकामी लिफ्ट दोन मजल्यांमध्ये असताना मुख्य वीजपुरवठा बंद केल्यास बॅटरीवरील यंत्रणेने ती जवळच्या मजल्यावर आणावयास हवी. तसे न झाल्यास दोष नोंदवावा. करार सुट्या भागांसह असेल आणि त्या भागाचा त्यात समावेश असेल, तर दुरुस्तीचा खर्च जुन्या कंपनीचाच ठरतो. मात्र ही नोंद ३१ मार्चनंतर झाली, तर तो वसूल करणे कठीण जाते.

दरवाजाच्या सुरक्षा परिपथाची तपासणी विशेष महत्त्वाची आहे. वारंवारचा बिघाड टाळण्यासाठी कधी कधी तेथे तात्पुरती तार जोडली जाते आणि ती तशीच राहते. मग दरवाजा उघडा असतानाही लिफ्ट चालू शकते. तंत्रज्ञाने प्रत्येक मजल्यावर दरवाजा उघडून लिफ्ट हलत नाही, याची खात्री करून द्यावी.

नियंत्रण पेटीचा सांकेतिक शब्द हा वादाचा आणखी एक विषय. काही पेट्यांतील बिघाडाची नोंद मूळ उत्पादकाच्या उपकरणाशिवाय वाचता येत नाही. त्यामुळे ही पेटी हाताळता येईल काय, हे नव्या कंपनीकडून करारापूर्वीच लेखी घ्यावे.

हस्तांतराच्या दिवशी परवाना, मूळ आराखडे, विद्युत जोडणीचा नकाशा, देखभालीची नोंदवही, यंत्रखोलीची किल्ली, दरवाजे बाहेरून उघडण्याची किल्ली व ब्रेक सैल करण्याचा दांडा यांची यादी करून तिघांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. अखेरचे देयक या यादीनंतरच चुकते करण्याची अट मूळ करारातच असणे उत्तम.

नव्या कंपनीने लिफ्ट लेखी ताब्यात घेईपर्यंत ती बंद ठेवावी. लिफ्टमधील आपत्कालीन दूरध्वनी क्रमांकही त्याच दिवशी बदलावा. अन्यथा अडकलेला रहिवासी जुन्याच कंपनीला फोन करीत राहील.